उशिराच्या गाडीचा ब्लूज: दोनदा येणारी ओळ आणि तिसरीतला घाव

प्रश्न: मी गिटारवर ए मधला साधा बारा बारचा शफल वाजवतो. त्यावर गाडी लेट झाल्याचं एक मराठी गाणं लिहायचंय. पहिली ओळ दोनदा आणि मग तिसऱ्या ओळीत पंच, एवढं मला माहीत आहे. पण माझी तिसरी ओळ दर वेळी फुसकी निघते आणि गाताना शब्द बारमध्ये मावत नाहीत. माझं कडवं असं आहे: "गाडी उशिरा येणार आहे असं स्टेशनवर सांगत आहेत" (दोनदा), "मी किती वेळ इथे तिची वाट पाहत बसलो आहे". कुठं चुकतंय?

उत्तर:

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही कडवं वरून खाली लिहिलंय. आधी पहिली ओळ सुचली, मग ती दोनदा लिहिली, मग तिसरीत काय घालावं याचा शोध सुरू झाला. ब्लूजचं कडवं खालून वर लिहितात. तिसरी ओळ आधी, तिचा शेवटचा शब्द त्याच्याही आधी, आणि मग त्या शब्दाला यमक देणारी, साधी, दोनदा ऐकवता येईल अशी पहिली ओळ. तुमचंच कडवं घेऊन हे करून दाखवतो.

आधी थोडं मागे जातो, कारण तुम्ही निवडलेला विषय या प्रकाराच्या फार जवळचा आहे. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानं १९४१ साली छापलेल्या आत्मचरित्रात एक आठवण सांगितली आहे. मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या गावी, १९०३ च्या सुमारास, तो रात्री स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसला होता. गाडी नऊ तास लेट होती. त्याला डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता. दोन रेल्वेमार्ग जिथं एकमेकांना छेदतात तिथं मी चाललोय, अशा अर्थाची एकच ओळ. तीच ओळ त्यानं तीनदा म्हटली आणि दर वेळी गिटारनं तिला उत्तर दिलं.

यात आपल्या कामाचं काय आहे? त्या माणसानं ओळ तीनदा म्हटली, तिसरी वेगळी नव्हती. एकच ओळ तीन वेळा म्हणायची पद्धत त्या काळी होतीच. पुढं हँडीनं स्वतः १९१४ साली 'सेंट लुईस ब्लूज' हे गाणं छापलं, त्यात 'ओळ, तीच ओळ, मग उत्तर' हा साचा दिसतो. म्हणजे तिसरी ओळ ही तिसऱ्या पुनरुक्तीच्या जागी येऊन बसलेली आहे. ऐकणाऱ्याला तिसऱ्यांदा तेच येईल असं वाटत असतं आणि येतं भलतंच. तुमच्या कडव्यात मात्र तिसऱ्या ओळीत पुन्हा तेच आलंय, फक्त शब्द बदलून. गाडीला उशीर आहे आणि मी वाट पाहतोय, या दोन बातम्या नव्हेत. पहिली कळली की दुसरी कळलीच.

आता बारचा हिशोब. तुम्हाला तो वाजवता येतो, पण लिहिताना समोर ठेवा:

```
A7 | A7 | A7 | A7
D7 | D7 | A7 | A7
E7 | D7 | A7 | E7
```

प्रत्येक आडव्या रांगेला एक ओळ. पण ओळीला चार बार मिळत नाहीत. गळ्याला मिळतात दोन बार आणि तिसऱ्या बारचा पहिला ठोका. उरलेली जागा गिटारची. ही वाटणी मोडली की ब्लूज राहत नाही, कारण मग उत्तर द्यायला कुणी उरत नाही. तुमचा शफल मिनिटाला ९६ ठोक्यांचा धरू. एक बार अडीच सेकंदांचा झाला आणि चार बार दहा सेकंदांचे. त्यांतली पाचसाडेपाच सेकंदं तुमची, बाकीची तारांची. अख्खं आवर्तन तीस सेकंदांचं.

दोन बारमध्ये आठ ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे शफलमध्ये दोन भाग, म्हणजे सोळा जागा. तुमची ओळ बोलून मोजा, लिहून नको. 'येणार' हे उच्चारात दोन तुकडे आहेत, ये आणि णार. लिहिलेली अक्षरं तीन असली तरी. असं मोजलं तर "गाडी उशिरा येणार आहे असं स्टेशनवर सांगत आहेत" या ओळीत अठरा तुकडे होतात. जागा सोळा, तुकडे अठरा, आणि श्वासाला एकही नाही. म्हणून तुमची ओळ चौथ्या बारमध्ये घुसते, गिटार गप्प बसते आणि दुसरी ओळ तुम्ही धापा टाकत सुरू करता. मी लिहितो तेव्हा अकरा ते चौदा तुकड्यांत राहतो. दहाच्या खाली ओळ ओकीबोकी वाटते, पंधराच्या वर ती बातमी वाचल्यासारखी होते.

शिवाय ओळीला मधे एक खाच हवी. पहिला अर्धा, जरा थांबा, दुसरा अर्धा. "गाडी उशिरा येणार आहे असं" इथं थांबायला जागाच नाही, कारण 'असं' पुढच्या शब्दांना घट्ट धरून बसलंय. 'असं सांगतात', 'म्हणून', 'कारण', 'ज्या' असले सांधे ब्लूजच्या ओळीत टाळावेत. दोन छोटी वाक्यं शेजारी ठेवावीत आणि सांधा ऐकणाऱ्यानं जोडावा.

आता यमक. इथं मराठी आपल्याला एक गोड सापळा लावते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'आहे–राहे', 'गेली–आली', 'बसलो–फसलो' अशी यमकं न मागता मिळतात. तुमच्याकडे 'आहेत' आणि 'आहे' आहेत, आणि ती यमकंसुद्धा नाहीत, तो तोच शब्द आहे. क्रियापदाचं यमक चुकीचं नसतं, पण घावाचा शब्द ओळीच्या अगदी शेवटी पडायला हवा आणि 'आहे'मध्ये घाव घालायला काही नसतं. उपाय बोलण्यातच आहे. आपण 'गाडी लेट आहे' असं नेहमी म्हणत नाही. 'गाडी तीन तास लेट!' असंही म्हणतो. 'आहे' गाळा, आणि ओळीच्या शेवटी वजनदार शब्द येतो.

तर 'लेट' घेऊ. लेटची यमकं: भेट, थेट, गेट, शेट, पेट. यादी करताना जो शब्द पहिला सुचतो तो बहुतेक वेळा बाद करायचा, कारण ऐकणाऱ्यालाही तोच पहिला सुचतो. दुसऱ्यांदा 'लेट' ऐकून झाल्यावर गिटार वाजत असते तेव्हा त्याच्याकडे साडेचार सेकंदं मोकळी असतात. तेवढ्यात तो मनात 'भेट' म्हणून मोकळा होतो. त्यावर तुम्ही "आता कधी व्हायची आपल्या दोघांची भेट" म्हणालात की तो मान डोलावतो, पण हलत नाही. फुसकी ओळ म्हणतात ती हीच.

'भेट' वापरायचीच असेल तर दुसऱ्या अर्थानं वापरा. "तिचं लग्न लागलं तिकडं, माझ्या हातात भेट" यात यमक अपेक्षित, अर्थ अनपेक्षित. हातात आहेराचं पुडकं घेऊन फलाटावर उभा असलेला माणूस लगेच दिसतो. ही ओळ मला आवडते, पण तिच्यात एक अडचण आहे: ती एकाच कडव्यात गाणं संपवते. लग्न लागलं, पुढं काय? मला तीन कडवी हवीत आणि ती कुठंतरी पोचायला हवीत.

म्हणून 'थेट' पाहू. थेट कुठं? गाडीचा प्रवासी थेट जातो. पण गाडीच नाही तर थेट कुठं जाणार? घरी. का? इथं मी जरा वेळ अडलो होतो. मग लक्षात आलं की उशीर हा फक्त त्रास देत नाही, तो माणसाला विचार करायला वेळ देतो. भांडून, बॅग उचलून निघालेला माणूस. गाडी वेळेवर असती तर तो गेला असता. तीन तास बाकावर बसल्यावर त्याचा राग उरत नाही. यावरून आलं हे कडवं:

निघालो तुला सोडून, गाडी तीन तास लेट
अगं, निघालो तुला सोडून, गाडी तीन तास लेट
राग गेला वेळेवर, मी घरी येतो थेट

तिसऱ्या ओळीतला 'गेला' हा शब्द दोन कामं करतो. राग जातो आणि गाडीही जाते. गाडी गेली नाही, राग मात्र वेळापत्रकाप्रमाणे गेला. 'वेळेवर' हा शब्द 'लेट'ला उत्तर देतो आणि 'थेट' यमकाला. मला विचाराल तर घाव 'थेट'वर नाहीच, तो 'वेळेवर'वर आहे. 'थेट' फक्त दार लावून घेतो. यमकाच्या शब्दावरच सगळा विनोद टांगला की तो यमकासाठी केलेला वाटतो. विनोद ओळीच्या खाचेपाशी आणि यमक शेवटी, अशी वाटणी मला बरी वाटते.

तिसरी ओळ जमली का, हे मी दोन प्रकारे तपासतो. पहिलं म्हणजे पहिल्या दोन ओळी कुणाला तरी ऐकवून थांबायचं आणि पुढं काय येईल ते विचारायचं. बरोबर ओळखलं तर ओळ बाद. दुसरी तपासणी जास्त कडक आहे. गाडीचा उशीर काढून तिथं दुसरं काहीही घालायचं, पाऊस म्हणा, कुलूप म्हणा. तरी तिसरी ओळ तशीच चालत असेल तर ती उशिराबद्दल नाहीच, कुठल्याही दुःखाला चिकटणारी आहे. "माझ्या नशिबी सदा हेच आलं" ही ओळ पावसालाही चालते. "राग गेला वेळेवर" ही लेट गाडीशिवाय उभी राहत नाही.

आता ही ओळ बारमध्ये बसवू. 'नि' हा तुकडा पहिल्या बारच्या आधी, उचल म्हणून घ्यायचा, म्हणजे 'घा' बरोबर पहिल्या ठोक्यावर पडतो:

```
बार १:  घालो | तुला | सो–  | डून
बार २:   –   | गाडी | तीन  | तास
बार ३:  लेट  |  –   |  –   |  –
```

दुसऱ्या बारचा पहिला ठोका रिकामा आहे, आणि तो मुद्दाम रिकामा आहे. 'निघालो तुला सोडून' म्हटल्यावर कान त्या ठोक्यावर पुढचा शब्द मागतो आणि गाडी तिथं येत नाही. ती एक ठोका उशिरा येते. ही गंमत कुणाच्या लक्षात येणार नाही, पण अंगाला जाणवते. आणि 'लेट' तिसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर पडल्याबरोबर गिटारला वाट मोकळी होते.

'लेट'बद्दल एक सावधगिरी. हा शब्द 'ट'वर बंद होतो आणि 'ट' लांबवता येत नाही. लांबवायचा तो 'ले' मधला एकार. ट शेवटी, दुसऱ्या ठोक्याच्या सुमाराला, हलकेच टेकवायचा. नवखा गायक शब्द आधीच मिटतो आणि सूर तिथंच मरतो. 'नाही', 'काही' असे उघड्या स्वरावर संपणारे शब्द यापेक्षा सोपे. 'उशीर', 'धीर' हे या दोन्हींच्या मधले, र थोडा घोळवता येतो म्हणून. आवाज लांब खेचायची सवय असेल तर सुरुवातीला क, ट, प वर संपणारी यमकं टाळा.

पुनरुक्तीविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण लोक तिला कंटाळवाणी भरती समजतात आणि दुसऱ्या ओळीत हळूच शब्द बदलायला लागतात. दुसरी ओळ बदलू नका. ती बदलायचं काम खालचा कॉर्ड करतो. ए ला सा मानला तर 'लेट' हा शब्द कोमल ग वर म्हणून पाहा, म्हणजे सी सुरावर. ए सेव्हनमध्ये शुद्ध ग आहे, त्यामुळे तुमचा कोमल ग त्याच्यावर घासतो आणि ती ओळ कुरकुर वाटते. आता दुसरी ओळ. शब्द तेच, सूर तोच, पण खाली डी सेव्हन आलाय, आणि सी हा सूर डी सेव्हनच्या घरातलाच आहे. 'लेट' सातव्या बारला पोचेपर्यंत ए परत येतो हे खरं, म्हणून तो कोमल ग मी दुसऱ्या वेळी 'गाडी तीन तास' वरच, डी असतानाच घेतो आणि 'लेट' सा वर सोडतो. पहिल्यांदा जी तक्रार होती ती दुसऱ्यांदा कबुली होते. एक अक्षर न बदलता.

शब्दांत एवढंच चालतं: ओळीच्या आधी एखादं 'अगं', 'म्हटलं', 'हो ना'. ते उचलीच्या जागेत बसतं. शेवटच्या शब्दाला मात्र हात लावायचा नाही. पहिल्यांदा 'लेट' आणि दुसऱ्यांदा 'उशिरा' म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या कानात यमक पेरलंच जात नाही आणि 'थेट' अधांतरी पडतो.

तिसऱ्या ओळीला मात्र चाल बदलावी. नवव्या बारला ई सेव्हन आला की तोच कोमल ग नुसता कर्कश वाटतो. ओळ वरून सुरू करून खाली उतरत आणा आणि अकराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर, ए वर, सा ला 'थेट' म्हणून उतरा. यमक आणि सूर एकाच क्षणी घरी पोचतात. आणखी एक, जे मला बऱ्याच उशिरा सुचलं: पहिल्या दोन ओळी ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळत म्हणा, बाकावर बसल्यासारख्या. "राग गेला वेळेवर" मात्र ठोक्यावर नेमकं. राग, गेला, वेळे, वर, चार ठोके, चारही बरोबर. शब्द जे सांगतात ते गळा करून दाखवतो.

आता बाकीची कडवी. हे कडवं शेवटचं आहे हे उघड आहे, माणूस घरी निघाला की गाणं संपलं. सगळ्यात जमलेलं कडवं लोक पहिल्यांदा गातात आणि मग उतरणीला लागतात. ते शेवटी ठेवा आणि तिथपर्यंतची वाट मागं जाऊन बांधा.

इथं माझी एक फजिती सांगतो. उशिराच्या गाडीवर मी आधीही एक गाणं केलं होतं, सहा कडव्यांचं. प्रत्येक कडव्यात उशिराचं नवं कारण: धुकं, सिग्नल, इंजिन बिघडलं, रुळावर म्हैस. म्हशीला हशा आला. तिच्यापुढच्या कडव्याला लोक आपापसांत बोलायला लागले. प्रत्येक तिसरी ओळ स्वतंत्रपणे ठीक होती, पण पहिल्या कडव्यातला माणूस आणि सहाव्यातला माणूस एकच होता, त्याचं काही हललंच नव्हतं. गाडी थांबलेली चालते. माणूस थांबलेला चालत नाही.

म्हणून तीन कडव्यांत मी फलाटावरच्या दोनच गोष्टी घेतल्या आणि प्रत्येकीचा घराशी सांधा शोधला. पहिली, गाड्यांचा बोर्ड. गाडीचं नाव लिहिलेलं असतं आणि समोर वेळेची जागा कोरी. घरात असं काय आहे, जिथं नाव आहे पण पुढं काही नाही? दारावरची पाटी.

बोर्डावर नाव आहे, समोर वेळ नाही
बोर्डावर नाव आहे, समोर वेळ नाही
दारावर पाटी माझी, आत माझं कुठं काही

पहिल्या मसुद्यात तिसरी ओळ "तुझ्या घरात मला किंमत नाही काही" अशी होती. अर्थ तोच, पण ती गाऱ्हाणं सांगते आणि पाटी ते दाखवते. शिवाय 'नाही' पहिल्या ओळीत येऊन गेलाय, तो तिसरीत पुन्हा आला तर यमक दुबळं होतं. म्हणून 'कुठं काही'. तो प्रश्नासारखा सुटतो, आणि बाराव्या बारचा ई सेव्हन तसाही प्रश्नासारखाच लटकतो.

दुसरी गोष्ट, माइकवरची घोषणा. स्टेशनवर उशिराबद्दल माफी मागितली जाते, तीही न कंटाळता, पुन्हा पुन्हा, त्याच आवाजात. म्हणजे या ओळीची पुनरुक्ती आपोआप खरी ठरते, घोषणाही एकदाच होत नसते. असा विषय हाती आला की सोडू नये.

माइकवरची बाई म्हणते, माफ करा उशीर
पुन्हा माइकवरची बाई म्हणते, माफ करा उशीर
तू म्हणाली असतीस एवढं, तर धरला असता धीर

दुसऱ्या ओळीआधीचं 'पुन्हा' हे उचलीतलं आहे, पहिल्या बारच्या हिशोबात येत नाही. घोषणेची ओळ सपाट, एका सुरावर म्हणा, घोषणा होते तशी. मग तिसरीतला 'तू' जरा वरून आला की सगळा भार त्या एका अक्षरावर पडतो. इथं माणूस पहिल्यांदा थोडा नरमलाय. त्याला काय हवं होतं ते कळलं: नुसती माफी. त्यानंतर 'राग गेला वेळेवर' हे पटतं. याच्याआधी, पाटीनंतर लगेच, पटलं नसतं.

या कडव्याची तिसरी ओळ चौदा तुकड्यांची आहे, पाटीच्या ओळीइतकीच भरलेली. 'असतीस एवढं' भराभर जातं आणि 'तर'च्या आधी श्वास घ्यावाच लागतो. घेतला नाही तर 'धीर' अकराव्या बारच्या पहिल्या ठोक्याला पोचत नाही, दुसऱ्यावर घसरतो. गाऊन पाहाल तेव्हा पायानं ठोका धरा आणि फक्त एवढंच ऐका, की तिन्ही ओळींचे शेवटचे शब्द तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर पडतायत का. मधले शब्द मागंपुढं झाले तरी चालतं, ते तसे व्हावेतच. हे तीन खुंटे हलले की वाजवणाऱ्याला कुठं शिरायचं ते कळत नाही.

तीन कडव्यांची दीड मिनिटं होतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामधे एक आवर्तन नुसतं गिटारला द्या. तिथंच तर तो बाकावर बसून विचार करतोय, तेव्हा त्यानं गप्प बसायला हवं. दोन मिनिटांत गाणं पुरं.

शेवटच्या आवर्तनात बाराव्या बारला ई सेव्हन घेऊ नका, तो पुढच्या आवर्तनाचं आमंत्रण असतो. ए वरच थांबा. काही जण शेवटची ओळ तीनदा म्हणून गाणं मिटवतात. तुम्हाला तसं करायचं असेल तर "राग गेला वेळेवर" पुन्हा म्हणू नका, उलगडलेला विनोद दुसऱ्यांदा चालत नाही. नुसतं "घरी येतो थेट" घ्या, दर वेळी जरा हळू, दारापाशी आल्यासारखं. आणि गाडी शेवटी आली की नाही, हे गाण्यात कुठंही सांगू नका. मला एकानं नंतर येऊन विचारलं होतं, मी म्हटलं, त्याला कुठं बघायला वेळ होता.